लोखवित्सात मिटलेला चिमटा

सप्टेंबर 1941 मध्ये कीव्हच्या पूर्वेला सोव्हिएत संघाच्या चार सैन्यांची कोंडी झाली. जर्मनांनी 6,65,000 कैदी पकडल्याचा दावा केला. या आकड्यावर वाद आहे. सोव्हिएत हिशेबाप्रमाणे वेढ्यात सापडलेल्या सैनिकांचीच संख्या साडेचार लाखांच्या आसपास होती. पण खालचा आकडा धरला तरी प्रश्न उरतोच: हातात शस्त्रे असलेली एवढी माणसे दोनेक आठवड्यांत कैद होतात कशी?

नकाशा पाहिला की उत्तराची सुरुवात सापडते. सोव्हिएत फळी नीपर नदीच्या काठाने कीव्हपाशी पश्चिमेकडे फुगून पुढे आली होती. जर्मनांनी कीव्हवर समोरून मोठा हल्ला चढवण्याऐवजी या फुगवट्याच्या दोन्ही मुळांवर घाव घातला. उत्तरेकडून गुडेरियनचे रणगाडे ऑगस्टच्या अखेरीस देस्ना नदी ओलांडून दक्षिणेला वळले. दक्षिणेकडून क्लाइस्टच्या रणगाड्यांनी 12 सप्टेंबरला क्रेमेनचुकजवळ नीपरवरून मुसंडी मारली. 14 आणि 15 सप्टेंबरला कीव्हच्या पूर्वेस सुमारे 200 किलोमीटरवर, लोखवित्सा गावाच्या परिसरात दोन्ही टोके एकमेकांना भेटली आणि चिमटा मिटला.

पहिल्या दिवशी हा चिमटा फार मजबूत नसतो. पुढे धावलेले रणगाडे मोजकेच असतात, त्यांच्यामागचे पायदळ चालत येत असते आणि मध्ये मोठमोठ्या फटी असतात. अडकलेले सैन्य लगेच मागे फिरले तर त्यातले बरेच जण निसटू शकतात. म्हणून वेढ्याची लढाई ही खरी तर वेळेशी शर्यत असते. ही शर्यत सोव्हिएत सेनेने मॉस्कोतच गमावली, असे मला वाटते.

जुलैच्या अखेरीस झुकोव्हने कीव्ह सोडण्याचा सल्ला दिला आणि त्याला सेनाप्रमुखपदावरून हटवण्यात आले. सप्टेंबरमध्ये बुद्योनीने माघारीची परवानगी मागितली, तेव्हा त्यालाही बदलले गेले. त्याच्या जागी आलेल्या तिमोशेंकोने 16 तारखेला बाग्राम्यानच्या हाती तोंडी निरोप पाठवला, की माघार घ्या. आघाडीचा सेनापती किरपोनोस मात्र लेखी आदेशासाठी अडून बसला. स्टालिनच्या मर्जीविरुद्ध, तेही तोंडी निरोपावर कीव्ह सोडण्याचा परिणाम काय होईल, हे त्याला ठाऊक होते. मॉस्कोची परवानगी 17 च्या रात्री पोहोचली. 20 तारखेला, बाहेर पडण्याच्या धडपडीत, किरपोनोस मारला गेला.

मधल्या दोन-तीन दिवसांत काय बिघडते ते समजून घेतले, की कैद्यांच्या संख्येचे कोडे सुटते. सैन्य म्हणजे केवळ खंदकातले बंदूकधारी नव्हेत. त्यांच्या मागे तोफखाना, दारूगोळ्याचे साठे, ट्रक आणि घोडागाड्या, भटारखाने, दुरुस्तीची पथके, इस्पितळे आणि मुख्यालये असतात. समोरासमोरच्या लढाईत हरलेली बाजू मागे हटते आणि ही पिछाडी आधी निघून जाते. वेढ्यात उलट घडते. शत्रू पहिल्यांदा पिछाडीवरच येऊन आदळतो. लढण्याची सवय नसलेली माणसे लवकर हाती लागतात. जखमींना हलवायला वाट उरत नाही, म्हणून आख्खी इस्पितळे कैद होतात.

पुढच्या फळीचे हाल वेगळे. तिच्या तोफा पश्चिमेकडे रोखलेल्या असतात आणि आता बाहेर पडायचे असते पूर्वेकडे. एकाच वेळी समोरचा शत्रू थोपवायचा आणि पाठीमागे वाट फोडायची, तीही डिझेल व तोफगोळे संपत आलेले असताना. टेलिफोनच्या तारा तुटलेल्या, मुख्यालये पळापळीत. आदेश नसलेली डिव्हिजन मग तुकड्यातुकड्यांनी, जी वाट दिसेल तिकडे धावते. असे गट एकेक करून अडवणे सोपे असते. जर्मन पायदळाने मोठी कोंडी छोट्या छोट्या भागांत कापत नेली आणि 26 सप्टेंबरपर्यंत प्रतिकार संपला.

या सैनिकांमध्ये धैर्य कमी होते, असे म्हणणे अन्यायाचे आहे. ऑगस्टमध्ये निघालेल्या आदेश क्रमांक 270 ने शरण जाणे हा देशद्रोह ठरवला होता. शरण जाणाऱ्या अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना अटक आणि सैनिकांच्या कुटुंबीयांची सरकारी मदत बंद, असे त्यात होते. एवढी धास्ती असूनही लाखो जण कैद झाले, कारण गोळ्या आणि अन्न संपल्यावर निवडीला जागाच राहिली नव्हती.

जर्मनांनाही याची किंमत मोजावी लागली. कोंडी साफ होईपर्यंत त्यांचे रणगाडे आणि पायदळ युक्रेनमध्ये गुंतून पडले. मॉस्कोवरची मुख्य चढाई ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरू झाली आणि लवकरच शरदातल्या चिखलात अडकली. कैद्यांचे जे झाले ते त्याहून भयंकर. त्यांना उघड्या मैदानात, काटेरी तारांच्या आत, जवळजवळ उपाशी ठेवले गेले. संपूर्ण युद्धात जर्मनांच्या कैदेत सुमारे 33 लाख सोव्हिएत सैनिक मेले आणि त्यांतले बहुसंख्य 1942 च्या वसंत ऋतूआधीच गेले.