पुसट होण्याआधी बिल स्कॅन करा

दुकानात मिळणारं बिल बहुधा थर्मल कागदावर छापलेलं असतं. त्यात शाई नसते, उष्णतेने कागदाचा लेप काळा पडून अक्षरं उमटतात. त्यामुळे ऊन, गरम जागा किंवा प्लॅस्टिकचं पाकीट यांनी ती फिकट होतात. मिक्सरची दोन वर्षांची वॉरंटी संपण्याआधीच बिल कोरं दिसू लागतं, म्हणून ते घरी आल्याबरोबर स्कॅन केलेलं बरं.

बिलाचा साधा फोटो पीडीएफ केला तर ते फक्त चित्र राहतं, त्यात शब्द शोधता येत नाही. शोधता येणाऱ्या पीडीएफमध्ये चित्रामागे न दिसणारा मजकुराचा थर असतो. अक्षरं ओळखून तो तयार करण्याच्या तंत्राला ओसीआर म्हणतात. अ‍ॅडोबी स्कॅन हे मोफत अ‍ॅप हा थर आपोआप लावतं. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्येही Scan ची सोय आहे.

मिक्सरचं बिल गडद टेबलावर सपाट ठेवा, म्हणजे अ‍ॅपला त्याच्या कडा सापडतात. खिडकीच्या उजेडात, फोनची सावली पडू न देता, बरोबर वरून टिपा. लांबलचक बिल दोन भागांत, थोडा मजकूर दोन्हीकडे येईल असं घ्या आणि एकाच फाइलची दोन पानं करा. अक्षरं फिकट असतील तर काळा-पांढरा फिल्टर टाळा, कारण त्यात ती पार पुसली जातात. रंगीत किंवा करडा ठेवा. फाइलला `2025-06-14 मिक्सर बिल` असं नाव द्या. वर्ष आधी लिहिल्याने फाइली तारखेनुसार लागतात.

आता परीक्षा घ्या. फाइल उघडून बिलावरचा एखादा शब्द, समजा दुकानाचं नाव, शोधा. सापडला नाही तर मजकुराचा थर नाही, किंवा अक्षरं चुकीची ओळखली गेली आहेत. रक्कम आणि तारीख मात्र डोळ्यांनीच पडताळा, कारण ३ आणि ८ यांची गल्लत सहज होते.

हस्तलिखिताची गोष्ट वेगळी. छापील मराठीसाठी पीडीएफ ड्राइव्हवर चढवा आणि संगणकावर Open with मधून Google Docs निवडा. मजकूर बऱ्यापैकी नीट निघतो. पण हाताने लिहिताना शिरोरेषा तुटते, मात्रा सरकतात, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात आणि ओसीआर गोंधळतं. सुटं, मोठं, गडद शाईतलं अक्षर थोडं बरं वाचलं जातं, तरी त्याच्या शोधावर विसंबू नका. वहीतल्या टिपणांच्या फाइलीला विषय, व्यक्ती आणि तारीख घातलेलं नाव द्या. मजकूर वाचला गेला नाही तरी नावावरून फाइल सापडेल.