दिवाळीची वही कोजागिरीला बंद

घरून केक-बिस्किटं करून विकणाऱ्या बाईला दिवाळीत किती ऑर्डर झेपतील, हे तिचा ओव्हन ठरवतो. हात वाढवता येतात. बहीण मदतीला येते, सासूबाई डबे पुसून देतात, मुलगा लेबलं चिकटवतो. ओव्हन मात्र एकच असतो, आणि त्यात एका वेळी एकच ट्रे नीट भाजला जातो. तरीही दर वर्षी नवरात्र संपता संपता फोन सुरू होतात आणि अनेक जणी ‘बघते, जमवते’ म्हणत सुटतात. मग धनत्रयोदशीच्या रात्री अर्धे डबे रिकामे असतात, आणि वर्षभर मुलांच्या वाढदिवसाचे केक नेणारी शेजारीण दारात उभी असते.

नकार कधी द्यायचा आणि कुणाला द्यायचा, हे कळायला आधी क्षमता मोजावी लागते. त्यासाठी नानकटाईचंच उदाहरण घेऊ.

एकेकाळी आपल्याकडे रवा, मैदा, तूप, पिठीसाखर घरून घेऊन लोक गल्लीतल्या बेकरीत जायचे आणि पत्र्याचे डबे भरून नानकटाई आणायचे. बेकरीची भट्टी मोठी, एका दमात कितीतरी ट्रे आत जायचे. आज तीच नानकटाई चाळीस लिटरच्या ओटीजीत भाजली जाते. त्याच्या ट्रेमध्ये साधारण पंचवीस ग्रॅमचे वीस गोळे बसतात. भाजताना ते पसरतात, म्हणून मध्ये जागा सोडावीच लागते. वीस गोळे म्हणजे अर्धा किलो, म्हणजे एक डबा. एकशे साठ-सत्तर अंशांवर भाजायला वीस मिनिटं लागतात. ट्रे काढणं, दुसरा ठेवणं, दार उघडल्यामुळे उतरलेलं तापमान परत चढणं, हे धरून अर्धा तास होतो. एक ट्रे, एक डबा, अर्धा तास, एवढंच सूत्र लक्षात ठेवलं तरी पुरे.

आठ तास ओव्हन चालला तर कागदावर सोळा डबे होतात. प्रत्यक्षात बारा धरावेत. ऑक्टोबरच्या उकाड्यात तुपाचं पीठ सैल पडतं आणि ते मध्येच फ्रिजमध्ये ठेवावं लागतं. वीज जाते. एखाद्या ट्रेचा तळ जास्त लाल होतो. शिवाय त्याच स्वयंपाकघरात घरची चकली आणि करंजीही व्हायची असते.

आता समजा, ठाण्यातली एक बेकर वसुबारसेपर्यंत सगळे डबे पोचवायचे असं ठरवते. नानकटाई हवाबंद डब्यात बरेच दिवस टिकते, पण तुपाचा आणि वेलदोड्याचा ताजा वास पहिल्या आठवड्यातच असतो. म्हणून ती शेवटचे सहा दिवस भाजणीला ठेवते. सहा दिवसांत बहात्तर डबे. त्याच आठवड्यात दोन नेहमीच्या घरांत वाढदिवस आहेत. किलोभर केकचा स्पंज पाऊण-एक तास ओव्हन अडवतो, म्हणजे एक केक दोन डब्यांची जागा खातो. दोन केकचे चार डबे वजा केले की अडुसष्ट उरतात. त्यातले आठ ती कुणालाही कबूल करत नाही. ते फुटलेल्या-करपलेल्या मालासाठी आणि ऐनवेळी आठवण होणाऱ्या जुन्या माणसांसाठी. राहिले साठ. तिची नेहमीची बावीस घरं आहेत आणि त्यांचे मिळून चव्वेचाळीस डबे होतात. नव्या लोकांसाठी तिच्याकडे सोळा डबे आहेत. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर हा आकडा मोठ्या अक्षरात लिहिलेला असावा, असं मला वाटतं.

आणि मग एका कंपनीतून फोन येतो. पन्नास डबे हवेत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, पैसे रोख. मोह पडतोच. वर्षभरात एवढी मोठी रक्कम एकदम क्वचितच येते. पण हिशेब सरळ आहे. सोळा डब्यांची जागा आहे, चौतीस कमी पडतात. बारा डब्यांच्या वेगाने चौतीस डबे म्हणजे जवळजवळ आणखी तीन दिवस, आणि ते पंचांगात नाहीत. चौतीस डब्यांत सहाशे ऐंशी नानकटाया. एकेक गोळा वळून, दाबून, त्यावर पिस्त्याचा काप बसवायला अर्धा मिनिट धरलं तरी साडेपाच तासांहून जास्त वेळ नुसता वळण्यात जातो.

हे तीन दिवस कुठून तरी काढायचे म्हटलं की ते मालातून काढले जातात. पहिली युक्ती म्हणजे एकदम दोन ट्रे लावणं. पंखा नसलेल्या ओटीजीत खालच्या ट्रेचा तळ करपतो आणि वरचा ट्रे मधोमध पांढरा राहतो. दुसरी युक्ती तापमान वाढवण्याची. बाहेरून रंग लवकर येतो, आत पीठ कच्चं राहतं. अशी नानकटाई मोडून पाहिली तर मध्ये ओलसर, गडद ठिपका दिसतो आणि जिभेला मैदा चिकटतो. तिसरी चूक सगळ्यात जास्त होते, ती म्हणजे गरम माल भरणं. ओव्हनमधून निघालेली नानकटाई मऊच असते, गार होताना ती खुसखुशीत होते. त्याला जाळीवर तासभर तरी लागतो. त्याआधी डब्यात भरली की झाकणाला आतून पाणी सुटतं आणि दुसऱ्या दिवशी सगळा डबा नरम पडतो. यातलं काहीही कंपनीच्या लोकांना कदाचित कळणार नाही. कळेल ते त्या बावीस घरांना, कारण त्यांना तिच्या हाताची चव ठाऊक आहे.

मैत्रिणीकडून माल करून घेऊन आपल्या डब्यात भरणं हा मार्ग काही जणी धरतात. तो धरू नये. घरून विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि डब्यावर जो क्रमांक असतो, तो ज्या स्वयंपाकघरात माल झाला त्याचा असतो. दुसरीच्या तुपाची आणि सोड्याची जबाबदारी आपल्या लेबलवर घेणं बरोबर नाही. मैत्रिणीला जमणार असेल तर तिला आधी विचारावं आणि गिऱ्हाइकाला सरळ तिचा नंबर द्यावा. ऑर्डर तिची, नाव तिचं, पैसेही तिचे.

नकार त्याच दिवशी द्यावा. ‘विचार करून सांगते’ म्हटलं की समोरचा माणूस ते होकारातच धरतो आणि दुसरीकडे शोधणं थांबवतो. चार दिवसांनी आलेला नकार त्याला जास्त अडचणीत टाकतो. त्या कंपनीला असं लिहून पाठवता येईल: ‘सर, पन्नास डबे वसुबारसेच्या आधी वेळेवर देणं मला शक्य नाही. या दिवाळीच्या ऑर्डर भरल्या आहेत. भाऊबीजेनंतरची तारीख चालत असेल तर नक्की करून देईन. नाताळसाठी हवे असतील तर नोव्हेंबरमध्येच कळवा, तुमची जागा राखून ठेवते.’ यात घरची आजारपणं, वीज, मदतनीस यांची कारणं नाहीत. कारण सांगितलं की माणूस त्यावर उपाय सुचवायला लागतो, आणि आपण पुन्हा ‘बरं, बघते’वर येतो.

ओळखीच्यांना नाही म्हणणं जास्त अवघड. चुलत सासूबाई म्हणतात, ‘अगं, दोनच तर डबे!’ दोन डबे म्हणजे ओव्हनचा एक तास, हे त्यांना माहीत नसतं, आणि ते सांगायला काहीच हरकत नाही. ‘काकू, आता भाजायला घेतलेला प्रत्येक ट्रे कुणाला तरी कबूल केलेला आहे. तुम्हाला भाऊबीजेनंतर पहिला डबा देते,’ असं म्हटलं की बहुतेक काकू समजून घेतात. नात्यातल्या माणसासाठी नेहमीच्या गिऱ्हाइकाचा डबा उचलून देणं मात्र मला चुकीचं वाटतं. त्याने महिनाभर आधी पैसे भरलेले असतात.

नेहमीच्या लोकांची काळजी दिवाळीच्या आठवड्यात घ्यायला गेलं तर उशीर होतो. ती घटस्थापनेला सुरू व्हायला हवी. त्या दिवशी फक्त जुन्या घरांना निरोप जावा: ‘दिवाळीचं बुकिंग सुरू करते आहे. दसऱ्यापर्यंत तुमची जागा राखीव आहे, नंतर बाहेरच्या ऑर्डर घेईन.’ दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीस तिथी असतात आणि कोजागिरीपासून पंधरा. कोजागिरीला वही बंद केली की तूप, मैदा, डबे यांची खरेदी नेमकी करता येते. निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी, कारण कबूल करून न नेलेला डबा दिवाळीनंतर कुणाला नको असतो. ज्यांचा फराळ मुलांकडे अमेरिकेत किंवा दुबईत जाणार असतो, त्यांची तारीख वेगळी लिहावी. कुरिअरला वेळ लागतो, त्यामुळे त्यांचे डबे सगळ्यांच्या आधी, दसऱ्याच्या सुमारासच तयार व्हावे लागतात.

यादीही आखूड ठेवावी. नानकटाई आणि फार तर एक खारं बिस्किट. प्रत्येक नव्या पदार्थाबरोबर तापमान बदलतं, ट्रे बदलतो, आणि दिवसाचे दोन-तीन डबे कमी होतात. एखाद्या जुन्या घराला दोनाऐवजी पाच डबे हवे असतील तर त्याच मालाचे पाव किलोचे डबे सुचवता येतात. चार डबे भेट देता येतात आणि ओव्हनवर फक्त दोनच डब्यांचा भार पडतो.

एवढं करूनही एखादा दिवस बिघडतो. दुपारभर वीज गेली तर आठ राखीव डब्यांतले सहा त्या दिवशीच संपतील. त्याहून जास्त तूट असेल तर संध्याकाळीच वही उघडून पाहावं. जवळ राहणाऱ्या आणि घरीच खाण्यासाठी घेतलेल्या डब्यांना एक दिवस उशीर चालतो. भेट म्हणून न्यायचे आणि गावाला जाणाऱ्या गाडीत ठेवायचे डबे थांबू शकत नाहीत. ज्यांचे पुढे ढकलायचे त्यांना डब्याच्या वेळेच्या आधी फोन करावा आणि नवी वेळ सांगावी. त्यांनी पैसे परत मागितले तर कुरकुर न करता पूर्ण द्यावेत.

आणि घरगुती बेकरकडून दिवाळीचा डबा घेणाऱ्यांना एक विनंती. ऑर्डर कोजागिरीच्या आधी द्या, डबा ठरलेल्या वेळेलाच घेऊन जा, आणि ती ‘या वेळी जमणार नाही’ म्हणाली तर ‘थोडं तरी बघ ना’ असा आग्रह धरू नका.