दोन राखाडी टिकांमागची नावं

पुण्यातल्या एका सोसायटीचं उदाहरण घेऊ. चोवीस घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सेक्रेटरी रात्री आठला लिहितात, ‘उद्या टाकी धुणार, सकाळी 7 ते दुपारी 2 पाणी येणार नाही.’ दहा वाजले तरी मेसेजखाली एकच राखाडी टिक दिसते. लोकांना मेसेज गेलाच नाही, असं त्यांना वाटतं. वास्तविक ग्रुपमध्ये दुसरी टिक उमटते ती सगळ्यांच्या फोनवर मेसेज पोचल्यावर, आणि टिका निळ्या होतात त्या सगळ्यांनी वाचल्यावर. एकाचा जरी फोन बंद असला तरी बाकीच्यांचा हिशेब त्या एका टिकेमागे झाकून राहतो.

तो हिशेब मेसेजच्या माहितीत मिळतो. अँड्रॉइडवर स्वतःच पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरायचं आणि वरच्या तीन ठिपक्यांतून Info निवडायचं. आयफोनवर मेसेज डावीकडे सरकवला की तोच पडदा उघडतो. दुसऱ्याच्या मेसेजची अशी माहिती पाहता येत नाही.

सेक्रेटरींना तिथे दिसतं, Read by खाली पंधरा नावं, Delivered to खाली सहा, प्रत्येकापुढे वेळ. एकूण एकवीस. त्यांना वगळून ग्रुपमध्ये तेवीस जण आहेत, म्हणजे दोघांच्या फोनपर्यंत मेसेज पोचलेलाच नाही. ते दोघे कोण, हे सदस्यांच्या यादीशी ताडून शोधावं लागतं. खरी निकड त्यांचीच असते. त्यांना साधा फोन लावायचा किंवा शेजाऱ्याकडून निरोप द्यायचा. सहा जणांसाठी मात्र थोडं थांबायला हरकत नाही. त्यातल्या काहींनी वरच्या नोटिफिकेशनमध्ये मजकूर वाचलाही असेल. ग्रुप उघडल्याशिवाय व्हॉट्सॲप तो ‘वाचला’ धरत नाही.

उलट बाजूही ध्यानात ठेवायला हवी. Read by मध्ये नाव आलं याचा अर्थ ग्रुप उघडला गेला, इतकाच. पन्नास मेसेज भराभर सरकवणाऱ्याचं नावही तिथे येतं.

वाचायला अवघड जाणाऱ्या आजी-आजोबांसाठी तीच सूचना बोलून पाठवली, तर आणखी एक यादी मिळते, Played by. ग्रुप उघडूनही व्हॉइस मेसेज न ऐकलेले लोक इथे वेगळे काढता येतात. पाण्याच्या सूचनेसाठी हीच यादी अधिक भरवशाची, कारण निदान प्लेचं बटण तरी दाबलेलं असतं.

‘मी निळ्या टिका बंद केल्यात, माझं नाव दिसणार नाही,’ असं अनेकांना वाटतं. रीड रिसीट बंद करण्याची ती सेटिंग एकेकट्या गप्पांपुरती चालते. ग्रुपमधलं वाचणं आणि व्हॉइस मेसेज ऐकणं, दोन्हींची नोंद पाठवणाऱ्याला दिसतेच.