काच नवी, आवाज दबका

नवी काच बसवून घरी आलं आणि पहिल्याच फोनला पलीकडचं बोलणं दबकं वाटलं, की बहुतेक जण आवाज शेवटपर्यंत वाढवतात आणि नेटवर्कला दोष देतात. आवाज वाढतो, पण शब्द कळत नाहीत. पलीकडचा ‘साठ’ म्हणतो आणि आपल्याला ‘आठ’ ऐकू येतं. स, श, च यांसारखे उच्चार उंच पट्टीतल्या ध्वनींचे असतात आणि आवाजाची वाट अडली की आधी तेच गळतात. ‘आ’, ‘ओ’ पोचतात, म्हणून माणूस उशी तोंडावर धरून बोलत असल्यासारखा भास होतो.

ही वाट फारच अरुंद असते. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये कानाचा स्पीकर, म्हणजे इअरपीस, काचेच्या वरच्या कडेला आणि चौकटीमधल्या बारीक फटीतून बोलतो. फटीमागे जाळी असते आणि जाळीमागे स्पीकर. स्क्रीन गार्ड वर जरासा सरकला तरी फटीचा बराच भाग झाकला जातो.

शेजारच्या वहिनींच्या फोनला हेच झालं होतं. दुकानदार म्हणाला, इअरपीस गेलाय, बदलावा लागेल. पैसे देण्याआधी आम्ही दोन गोष्टी करून पाहिल्या. कॉल चालू असताना स्पीकर फोन लावला, तर बोलणं स्वच्छ आलं. म्हणजे नेटवर्क ठीक होतं. मग व्हॉट्सअॅपवरचा एक जुना व्हॉइस मेसेज लावून फोन कानाला धरला. कानाला लावल्यावर तो इअरपीसमधून वाजतो, आणि त्यात कॉलच्या नेटवर्कचा संबंध नसतो. तोही दबकाच आला. दोष फटीपासून स्पीकरपर्यंतच्या वाटेत कुठेतरी होता.

टॉर्च तिरका धरला तेव्हा गार्डची कड फटीवर आलेली दिसली. गार्ड काढल्यावर आवाज सुधारला, पण पूर्ण मोकळा झाला नाही. उरलेलं कारण जाळीत होतं. जुन्या गार्डच्या कडेला महिनोन्‌महिने धूळ, घाम आणि पावडर साचते. नवी काच लावण्याआधी दुकानात ओल्या वाइपने स्क्रीन पुसतात. हात फटीवरून फिरला, की त्या धुळीचा लगदा होऊन जाळीत बसतो. त्यामुळे गार्ड अगदी नीट बसलेला असूनही आवाज दबू शकतो.

लगदा वाळू द्यावा. मग फोन पालथा धरून, म्हणजे फट जमिनीकडे करून, मऊ, कोरड्या टूथब्रशने फटीच्या लांबीच्या दिशेने हलके झाडावं. सुटलेली धूळ खाली पडते. सुई, टाचणी आत घालू नये. जाळी फाटली की धूळ थेट स्पीकरच्या पडद्यावर जाते. जोराची हवा मारली तर कचरा आणखी आत बसतो. लेथवर किंवा वेल्डिंगच्या दुकानात काम करणाऱ्यांच्या फोनमध्ये वेगळीच अडचण येते: इअरपीसमधल्या चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो. तो ब्रशने हटत नाही. चिकटपट्टी फटीवर दाबून उचलली तर बराचसा निघतो. वहिनींचं काम मात्र ब्रशनेच झालं.

वाकड्या कडांच्या फोनवर पातळ गोंद ओतून अतिनील दिव्याखाली गार्ड घट्ट करतात, तिथे ब्रश उपयोगाचा नाही. तो गोंद फटीतून आत झिरपला तर जाळीवरच कडक होतो. असा गार्ड लावून घेताना गोंद ओतण्याआधी फट चिकटपट्टीने बंद करायला सांगावी.

कधी कधी तक्रार आवाजाची नसून कॉल चालू असताना स्क्रीन काळी राहण्याची असते. फोन कानाजवळ आला का, हे ओळखणारा सेन्सर बऱ्याच फोनमध्ये अदृश्य प्रकाश सोडून त्याचं परावर्तन मोजतो. गार्डची काळी पट्टी किंवा बोटांचा तेलकटपणा त्याच्यावर आला, की फोनला कान कायम जवळच आहे असं वाटतं. मग व्हॉइस मेसेजही मोठ्या स्पीकरवर वाजता वाजता इअरपीसवर जातो आणि आवाज गेल्यासारखा वाटतो. काही फोनमध्ये असा प्रकाश नसतो. तिथे इअरपीसच न ऐकू येणारा ध्वनी सोडतो आणि माइक त्याचा प्रतिध्वनी टिपतो. अशा फोनची फट झाकली तर आवाज आणि स्क्रीन दोन्ही एकदमच बिघडू शकतात. बऱ्याच सॅमसंग फोनमध्ये डायलवर `*#0*#` दाबलं की तपासणीचा पडदा उघडतो. त्यातल्या `Receiver` वर इअरपीसची आणि `Sensor` वर सेन्सरची चाचणी होते. ती एकदा गार्डसह आणि एकदा गार्ड काढून करावी.

गार्ड काढून, जाळी झाडूनही फरक पडला नाही, तर आवाजाचा पोत ऐकावा. अडलेली वाट आवाज दाबते, फाडत नाही. आवाज वाढवल्यावर खरखर होत असेल, कड दाबली की येत-जात असेल, किंवा फोन पडल्यापासूनच बिघडला असेल, तर स्पीकर किंवा त्याची जोडणी गेलेली असण्याचा संभव जास्त. मग फोन उघडावाच लागतो. तेव्हा जुनी जाळी तशीच ठेवून फक्त स्पीकर बदलू देऊ नये आणि पाण्यापासून वाचवणारी कडेची चिकटपट्टी नवी लावणार का, हे आधीच विचारून घ्यावं.