लहान मुलाने सिगारेटचं थोटूक किंवा ई-लिक्विड गिळलं तर काय करायचं?

रांगणारं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. सिगारेटचं थोटूक असो की ई-सिगारेटमध्ये भरायच्या लिक्विडची बाटली, दोन्हींतलं विष एकच: निकोटिन. फरक आहे तो वेगाचा आणि प्रमाणाचा.

एका सिगारेटमध्ये साधारण १० ते १५ मिलिग्रॅम निकोटिन असतं. ओढून झाल्यावर थोटकात त्यातलं थोडं उरतं. गिळलेल्या तंबाखूतून ते हळूहळू सुटतं आणि अनेकदा मूल त्याआधीच उलटी करतं. ई-लिक्विडमध्ये मात्र निकोटिन आधीच विरघळलेलं असतं. युरोपात परवानगी असलेली कमाल मर्यादा धरली, तर एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. म्हणजे दीड वर्षाच्या मुलाने चमचाभर, ५ मिलिलिटर, प्यायलं तर १०० मिलिग्रॅम पोटात गेलं. सात ते दहा सिगारेटींमध्ये असतं तेवढं! त्यात फळांचा गोड वास, त्यामुळे मूल लगेच थुंकेलच असं नाही. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे, पण परदेशातून येणाऱ्यांच्या बॅगेतून ती घरात येऊ शकते.

पहिलं लक्षण बहुतेक वेळा उलटी. लाळ गळते, चेहरा पांढराफटक पडतो, घाम येतो, हातपाय थरथरतात, छातीचे ठोके वाढतात. विष जास्त असेल तर झटके येतात आणि मग उलटं चित्र दिसतं: मूल सुस्त पडतं, ठोके मंदावतात, श्वास कमी पडतो. मूल शांत झालं म्हणून 'बरं वाटतंय' असं समजू नका.

तोंडात उरलेलं बोटाने काढा, ओल्या कापडाने पुसा. मुद्दाम उलटी करायला लावू नका, मीठपाणीही देऊ नका. झटका आला तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. लिक्विड अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून त्वचा पाण्याने धुवा, कारण ते त्वचेतूनही शोषलं जातं. ई-लिक्विड घोटभर गेलं असेल, अख्खी सिगारेट किंवा तीन थोटकं गिळली असतील किंवा वरचं एकही लक्षण दिसत असेल, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. १०८ वर रुग्णवाहिका मिळते. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या टोल फ्री नंबरवर सल्ला देतं. बाटली किंवा पाकीट सोबत न्या, कारण निकोटिनवर उतारा नाही. किती विष गेलं असावं हे पाहूनच डॉक्टर श्वास, ठोके आणि झटके सांभाळतात.

घरात लिक्विड असेलच तर ते मूळ बाटलीतच, कुलपाच्या कपाटात ठेवा. पर्स, उशीखाली, गाडीचा कप्पा या जागा नकोत. मिश्रीच्या डबीलाही हाच नियम. ॲशट्रे लगेच रिकामा करा. आणि एक सवय आवर्जून सोडा: अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत थोटकं टाकणं. निकोटिन त्या पाण्यात उतरतं, आणि तहानलेल्या मुलाला ती बाटली पिण्याचीच वाटते.