चौथ्या दिवशीचा ‘निगेटिव्ह’ म्हणजे सुटका नव्हे. एचआयव्हीची चाचणी नेमकी कधी करावी?

निपाणी : असुरक्षित संबंध आला किंवा दुसऱ्याला वापरलेली सुई टोचली, की अनेकजण दोन-चार दिवसांतच खासगी लॅब गाठतात. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला की विषय संपला असं समजतात. खरी चूक इथंच होते.

लागण झाली तरी ती चाचणीत दिसायला काही आठवडे लागतात. या मधल्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. सरकारी आयसीटीसी केंद्रांतली नेहमीची रॅपिड चाचणी विषाणू शोधत नाही. त्याच्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती तयार होण्याआधी रक्त दिलं, तर लागण असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

समजा, घटना 1 जूनला घडली. पहिलं काम चाचणीचं नाही, औषधाचं. एचआयव्ही रोखणारी ‘पेप’ औषधं 72 तासांच्या आत, म्हणजे 4 जूनला त्याच वेळेपूर्वी सुरू व्हावी लागतात. जितकं लवकर तितकं चांगलं. कोर्स 28 दिवसांचा असतो. त्यासाठी बेळगावच्या बिम्स (सिव्हिल) हॉस्पिटलमध्ये थेट जावं. त्या दिवशी होणारी चाचणी फक्त आधीची स्थिती सांगते.

लॅबमधली फोर्थ जनरेशन चाचणी 45 दिवसांनी, म्हणजे 16 जुलैला केली तर निगेटिव्ह रिपोर्टवर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो. रॅपिड चाचणीसाठी 90 दिवस, म्हणजे 30 ऑगस्टपर्यंत थांबावं लागतं. ‘पेप’ घेतली असेल तर औषधांमुळे निकाल उशिरा दिसू शकतो. त्यामुळे दिवस शेवटच्या गोळीपासून मोजणं सुरक्षित.

सिफिलिसची व्हीडीआरएल चाचणीही सुरुवातीला निगेटिव्ह येऊ शकते. ती तीन महिन्यांनी पुन्हा करावी. मात्र गुप्तांगावर न दुखणारा फोड आला तर तारखेची वाट न बघता डॉक्टरांना दाखवावं. हिपॅटायटिस बी साधारण सहा आठवड्यांत दिसतो, तरी तीन महिन्यांनी खात्री करावी. त्याची लस पूर्वी घेतली नसेल तर लगेच विचारावं. सुई टोचली असेल तर हिपॅटायटिस सीची चाचणी सहा महिन्यांनीही करतात.

ओळखीचं कुणी बघेल म्हणून निपाणीचे काहीजण कोल्हापूरला जातात. त्यात अडचण नाही. आयसीटीसीची चाचणी दोन्ही राज्यांत मोफत आहे आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. फक्त घटनेची तारीख आणि आधीच्या चाचणीचा प्रकार तिथं सांगावा. नुसतं ‘निगेटिव्ह आहे’ म्हटल्यानं काहीच कळत नाही.

शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत कंडोम वापरावा. तपासणी फुकट होते म्हणून रक्तदान तर अजिबात करू नये; विंडो पिरियडमधलं रक्त तपासणीतून सुटून दुसऱ्या रुग्णाला जाऊ शकतं. शंका असल्यास 1097 ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे.