रात्री उशा किती लागतात?

हार्ट फेल्युअरचा पेशंट दवाखान्यातून घरी जातो तेव्हा त्याचं हृदय बरं झालेलं नसतं. अंगात साठलेलं पाणी तेवढं काढलेलं असतं. डॉक्टर नातेवाइकांना ‘पंपिंग कमी आहे’ म्हणून सांगतात तो हा आजार. हृदयाचा जोर कमी पडला की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. मग पाय सुजतात, फुप्फुसांत पाणी होतं आणि माणसाला धाप लागते. बहुतेकांच्या बाबतीत हे एका रात्रीत घडत नाही. पुन्हा ॲडमिट व्हायची वेळ येण्याआधी कितीतरी दिवस वजन थोडंथोडं चढत असतं. म्हणजे घरातल्या वजनकाट्यावर आजार दिसत असतो, फक्त तो काटा वाचणारं आणि वाचून काही करणारं कुणीतरी हवं. डिस्चार्जनंतर नर्सने करायचा फोन त्यासाठी असतो.

या फोनचा उपयोग होतो का, हे अर्जेंटिनात १५१८ पेशंटांवर तपासलं गेलं. ‘डायल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या अभ्यासात प्रशिक्षित नर्स पेशंटना नियमित फोन करत. लक्षणं, वजन, गोळ्या आणि खाणंपिणं विचारत. २००५ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा हार्ट फेल्युअरसाठी पुन्हा भरती होण्याचं प्रमाण स्पष्टपणे घटलेलं होतं. पाच वर्षांनी अमेरिकेत १६५३ पेशंटांवर ‘टेली-एचएफ’ नावाचा अभ्यास झाला. त्यात पेशंटने रोज एका स्वयंचलित क्रमांकावर फोन लावायचा आणि रेकॉर्ड केलेल्या प्रश्नांना बटणं दाबून उत्तरं द्यायची, अशी व्यवस्था होती. सहा महिन्यांनी पाहिलं, तर पुन्हा भरती होण्यात आणि मृत्यूंत काहीच फरक पडलेला नव्हता. १४ टक्के पेशंटांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नव्हती, आणि शेवटच्या आठवड्यात किमान तीनदा वापरणारे जेमतेम ५५ टक्के उरले होते.

यावरून यंत्र टाकाऊ असं म्हणण्याची घाई नको. जर्मनीतल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरचा वजनकाटा, बीपीचं मशीन आणि ईसीजी यंत्र थेट केंद्राला जोडलेलं होतं आणि पेशंटांना त्याचा फायदा झाला. पण त्या केंद्रात रात्रंदिवस डॉक्टर आणि नर्स बसलेले होते. माझ्या मते सगळं त्या बसलेल्या माणसांवर अवलंबून आहे. आलेल्या आकड्याचं पुढे काय करायचं हे ज्याला माहीत आहे आणि ते करण्याची ज्याच्यावर जबाबदारी आहे, असं कुणी नसेल तर आकडा नुसता गोळा होत राहतो.

बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात आता नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स हा विषय आहे. त्यात हा फोन शिकवायचा झाला तर एक उदाहरण रचून घ्यावं. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या ६४ वर्षांच्या मावशी. हार्ट फेल्युअरसाठी आठवडाभर ॲडमिट होत्या. घरी जाताना वजन ५४.२ किलो होतं. पाणी निघून गेल्यावरचं हे वजन म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा पाया, ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसेल तर फोन करणाऱ्याच्या हातात काहीच राहत नाही. मावशींना सांगितलेलं आहे, की सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन यायचं आणि चहाच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत, त्याच काट्यावर उभं राहायचं. काटा फरशीवर ठेवायचा, चटईवर नको. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर आम्हाला कळवायचं.

दोन-तीन दिवसांत पहिला फोन झाला, तेव्हा सगळं ठीक होतं. हा फोन दहाव्या दिवशीचा आहे.

मोबाइल मुलाचा आहे. तो म्हणतो, “आई बरी आहे, काही त्रास नाही.” नर्स ते ऐकून घेते आणि मावशींकडे फोन द्यायला सांगते. पूर्ण नाव आणि वय विचारून माणूस तोच आहे याची खात्री करते. मग फोन कशासाठी केला ते सांगून “बोलू का?” विचारते, आणि मिळालेला होकार नोंदवते. हा शिष्टाचार म्हणून नाही. २५ मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार पेशंटने आपणहून फोन केला तर त्याची संमती गृहीत धरता येते. आरोग्य कर्मचाऱ्याने केला तर ती स्पष्ट मागावी लागते.

“कसं वाटतंय मावशी?”

“बरं हाय की सिस्टर.”

आपल्याकडे या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. म्हणून नर्स तो विचारते आणि त्याच्या भरवशावर राहत नाही. पण उत्तर ऐकताना तिचे कान उघडे असतात. मावशी एका दमात वाक्य पुरं करतात, की मध्ये श्वास घ्यायला थांबतात? बसल्या जागी दोन-चार शब्दांनंतर थांबावं लागत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येऊन पडल्या असतील, तर पुढचे प्रश्न बाजूला ठेवायचे आणि १०८ ला फोन लावायला सांगायचं. अर्धा फॉर्म कोरा राहिला तरी चालेल. मावशींचं वाक्य पुरं होतंय, म्हणून ती पुढे जाते.

पुढचे प्रश्न असे असतात, की ज्यांना ‘बरं हाय’ हे उत्तर बसत नाही. “रात्री उशा किती घेता?” “आधी एक घेत हुते, परवापासनं दोन लागत्यात.” आडवं झाल्यावर धाप लागते म्हणून माणूस नकळत उशा वाढवतो, आणि ‘धाप लागते का’ विचारलं तर नाही म्हणतो. “देवळापर्यंत जाऊन आलात का?” “न्हाई, दोन दिस गेले न्हाई.” सुनेला घोट्याच्या वर अंगठ्याने थोडा वेळ दाबून बघायला सांगितलं, तर खड्डा पडतोय. वजन वहीत लिहिलेलं आहे. तीन दिवसांपूर्वी ५४.६, मग ५५.३, ५६.१ आणि आज ५६.८.

इथे नर्स लगेच घाबरत नाही. काटा तोच आहे का, ते विचारते, कारण घरचा काटा बिघडल्यावर किराणा दुकानात जाऊन वजन करणारी माणसं असतात. ही वाढ रोज थोडी थोडी झालेली आहे आणि उशा-सुजेशी जुळते आहे, तेव्हा ती खरी धरायला हरकत नाही. एका दिवसात तीन किलोंची उडी असती आणि बाकी काहीच बदललेलं नसतं, तर आधी काट्यावर संशय घ्यायला हवा होता. याच्या उलट, वहीत आठ दिवस ‘५४, ५४, ५४’ असं लिहिलेलं असेल तर वजन होतच नाहीये असं समजावं. जिवंत माणसाचं वजन इतकं एकसारखं राहत नाही.

आता कारण शोधायचं. “गोळ्या घेता ना?” या प्रश्नावर पुन्हा होच येणार. नर्स सुनेला घरातली सगळी पाकिटं ताटात ओतायला सांगते आणि एकेक नाव वाचून घेते. लघवीच्या गोळीच्या स्ट्रिपमधून असायला हव्यात तेवढ्या गोळ्या कमी झालेल्या आहेत, म्हणजे ती चुकलेली नाही. मिठाचं विचारलं तर लोणचं-पापड दवाखान्यातून आल्यापासून बंद आहेत. पण ताटात एक पाकीट असं निघतं, जे डिस्चार्ज कार्डावर नाही. डायक्लोफेनॅक. गुडघे दुखतात म्हणून मुलाने मेडिकलमधून आणलेलं. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. ही वेदनाशामकं मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात आणि लघवीच्या गोळीचा जोर मोडतात. बीपीच्या काही औषधांसोबत घेतली तर मूत्रपिंडाला इजाही करू शकतात. मुलाला रागावून काही साधत नाही. पुढच्या वेळी तो पाकीट लपवेल एवढंच.

गोळीचा डोस नर्स बदलू शकत नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. पेशंटला प्रत्यक्ष तपासून सहा महिने झालेले नसतील तर त्याच आजारासाठी ते फोनवर पुढचा सल्ला देऊ शकतात. पण त्यांना काय आणि कोणत्या क्रमाने सांगायचं, हे नर्सचं कौशल्य. यासाठी ‘एसबार’ नावाची चार पायऱ्यांची रीत शिकवतात, ती अमेरिकी नौदलातून दवाखान्यांत आली. परिस्थिती, पूर्वपीठिका, अंदाज आणि मागणी. प्रत्यक्षात ते असं होतं:

“डॉक्टर, हार्ट फेल्युअरच्या मावशींचं वजन तीन दिवसांत दोन किलो दोनशे ग्रॅम वाढलंय. दहा दिवसांपूर्वी ५४.२ वर घरी सोडलं होतं, फ्युरोसेमाइड ४० सकाळी चालू आहे. पाच दिवस डायक्लोफेनॅकही घेतायत. दोन उशा लागतात, पायावर खड्डा पडतो. बसल्या जागी धाप नाही, छातीत दुखत नाही. घरात मशीन नाही, त्यामुळे बीपी माहीत नाही. पाणी साठतंय असं मला वाटतं. लघवीच्या गोळीचं आजच ठरवायला हवं.”

यात शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त वेळा गळतं. माहिती दिली जाते, पण काय हवंय ते मागितलं जात नाही, आणि घाईतला डॉक्टर “बरं, लक्ष ठेवा” म्हणून मोकळा होतो. बीपी माहीत नसल्याचं सांगणंही तितकंच गरजेचं आहे. बीपी फार उतरलेलं असताना लघवीची गोळी वाढवली तर मावशी चक्कर येऊन पडतील. म्हणून डॉक्टर आधी उपकेंद्रात बीपी मोजून घ्यायला सांगतात. ते १३०/८० येतं. मग डायक्लोफेनॅक बंद, गुडघ्यासाठी पॅरासिटॅमॉल, फ्युरोसेमाइड तीन दिवस सकाळी आणि दुपारी, आणि आठवड्याने रक्तात क्रिएटिनिन व पोटॅशियम. हे या मावशींसाठी आहे, दुसऱ्या कुणी घरी करून बघायचं नाही.

हे सांगायला नर्स पुन्हा फोन करते, आणि शेवटी ‘कळलं का?’ विचारत नाही. “मावशी, रात्री मुलगा रानातून आला की त्याला गोळ्यांचं काय सांगाल?” मावशी सांगतात, “पांढरी गोळी दोनदा, सकाळी आन् रात्री.” चूक तिथेच सापडते. दुसरी गोळी रात्री घेतली तर लघवीसाठी रात्रभर उठाउठ, अंधारात पडण्याची भीती. शिवाय पांढऱ्या गोळ्या ताटात तीन प्रकारच्या आहेत. नर्स सुनेकडून त्या स्ट्रिपवर पेनाने सूर्याची खूण करून घेते, आणि मावशींकडून परत एकदा वदवून घेते. दुसऱ्या दिवशी वजन ५६.१, तिसऱ्या दिवशी ५५.४.

नोंद कशी करायची, यात इन्फॉर्मेटिक्सचा खरा भाग येतो. ‘पेशंटशी बोलले, तब्येत ठीक, सल्ला दिला’ असं मोकळ्या चौकटीत लिहिलं तर संगणकाला त्यातून काहीही ओळखता येत नाही. वजन आकड्याच्या रकान्यात, किलोत, तारखेसह जायला हवं आणि ते घरच्या काट्याचं की दवाखान्याच्या, हेही. तेव्हाच तीन दिवसांतला फरक यंत्रणा स्वतः काढून इशारा देऊ शकते. न लागलेल्या फोनचीही नोंद हवी. दोन-तीनदा लागला नाही तर आशाताईंना घरी पाठवायचं, हा नियम त्या नोंदीशिवाय चालूच होत नाही.

इशाऱ्याची मर्यादा कुठे ठेवायची, यावर मात्र दुमत असतं. दोनऐवजी एक किलोवर ठेवली तर जेवणाखाण्याच्या फरकानेही लाल खूण पेटते, आणि रोज वीस खुणा बघणारी नर्स आठवड्यात त्यांच्याकडे बघायचं सोडते. शिवाय कितीतरी पेशंट वजन फारसं न वाढताच बिघडतात. म्हणून एकट्या वजनावर विसंबता येत नाही, उशांचा आणि देवळापर्यंतच्या चालीचा प्रश्न रकाना म्हणून फॉर्ममध्येच असावा लागतो. आणि वजन पायाच्या खाली घसरलं, तोंड सुकलं, उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर उलटा इशारा हवा. तो बऱ्याच फॉर्ममध्ये नसतोच. मावशींची दुपारची गोळी तीन दिवसांनी बंद करायची आहे, हे कुणी कळवायचं, तेही तारीख आणि नाव घालून त्याच दिवशी लिहिलेलं असावं, नाहीतर ती पुढच्या ॲडमिशनपर्यंत चालूच राहते. मावशींच्या नोंदीत तसा एक रकाना भरलेला आहे: पुढचा फोन गुरुवारी, संध्याकाळी सहानंतर, सून रानातून आल्यावर.